दवाखान्यासाठी दोन स्विच, दोन कोटेशनं आणि सपोर्टच्या अटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोपड्याच्या एका डॉक्टर मॅडमनी मागच्या महिन्यात मला नेटवर्क स्विचची, म्हणजे दवाखान्यातले कॉम्प्युटर आणि मशीन केबलने एकमेकांना जोडणाऱ्या डब्याची, दोन कोटेशनं पाठवली आणि विचारलं, "भाऊ, दोन्ही चोवीस पोर्टचेच आहेत, मग एक एवढा महाग का? आणि घेऊ कोणता?" मी जळगावात राहून जिल्ह्यातल्या दवाखान्यांची नेटवर्कची कामं करतो. हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा येतो आणि दर वेळी फोनवर अर्धवट उत्तर दिलं जातं. म्हणून या वेळी मॅडमना सविस्तर टिपण लिहून दिलं. त्यांनी आणि नंतर इतरांनी विचारलेले प्रश्न त्यात घालून ते इथे देतो आहे. विक्रेत्यांची आणि कंपन्यांची नावं मुद्दाम काढली आहेत. एकाला "पहिलं कोटेशन" आणि दुसऱ्याला "दुसरं कोटेशन" म्हणतो.

दोन्ही कोटेशनांत नेमकं काय लिहिलं होतं?

पहिलं कोटेशन जळगावच्या विक्रेत्याचं. २४ पोर्टचा मॅनेज्ड पीओई स्विच, म्हणजे ज्यात सेटिंग भरता येते आणि जो नेटवर्कच्या केबलमधूनच वीजही देतो असा, किंमत ₹३८,००० अधिक जीएसटी. वॉरंटी तीन वर्षं, प्रकार "रिटर्न टू बेंच", म्हणजे बिघडलेली वस्तू आपण त्यांच्या टेबलावर नेऊन द्यायची आणि दुरुस्त झाली की परत आणायची. कंपनीचं सर्व्हिस सेंटर मुंबईला.

दुसरं कोटेशन मुंबईच्या विक्रेत्याचं. तेवढ्याच पोर्टचा, तेवढ्याच कामाचा दुसऱ्या कंपनीचा स्विच, ₹५६,००० अधिक जीएसटी. वॉरंटी पाच वर्षं आणि त्यावर ठळक अक्षरांत "एनबीडी ॲडव्हान्स रिप्लेसमेंट". एनबीडी म्हणजे नेक्स्ट बिझनेस डे, पुढचा कामाचा दिवस. ॲडव्हान्स रिप्लेसमेंट म्हणजे आपला बिघडलेला स्विच त्यांच्याकडे पोचण्याआधीच ते बदली स्विच पाठवतात.

१८ टक्के जीएसटी धरला की पहिला ₹४४,८४० ला पडतो, दुसरा ₹६६,०८० ला. दवाखान्याच्या वैद्यकीय सेवेला जीएसटीतून सूट आहे, त्यामुळे खरेदीवर भरलेला कर वजावट म्हणून परत मिळत नाही. विक्रेते "कर सोडून" किंमत सांगतात, पण डॉक्टरांनी करासकटच तुलना करावी. (दवाखान्यातलं मेडिकल स्टोअर वेगळं नोंदलेलं असेल आणि स्विच दोघांत वापरायचा असेल, तर एकदा सीएंना विचारा.) फरक पडतो ₹२१,२४० चा. हा फरक कशाचा, एवढाच खरा प्रश्न आहे.

दोन स्विच तांत्रिकदृष्ट्या वेगळे नाहीत का?

या दवाखान्यापुरते जवळजवळ नाहीत. राउटर, एक्स-रेच्या प्रतिमा साठवायचा स्टोरेज बॉक्स, रिसेप्शनचे दोन कॉम्प्युटर, डॉक्टरांचे दोन, मेडिकल आणि लॅबचा एकेक, एक्स-रेचा कन्सोल, फिल्म प्रिंटर, सोनोग्राफी, सहा कॅमेरे, दोन वायफाय, दोन टेलिफोन, असे मिळून २१ पोर्ट भरतात. केबलमधूनच वीज लागते ती फक्त कॅमेरे, वायफाय आणि फोन यांना. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागल्यावर ओढली जाणारी वीज धरली तरी सगळं मिळून ८०-९० वॉटच्या पुढे जात नाही. दोन्ही स्विच त्याच्या दुप्पट वीज देतात.

एका ठिकाणी मात्र दुसरा स्विच खरोखर सरस आहे. त्याच्या डेटाशीटवर चालण्याचं कमाल तापमान ५० अंश दिलंय, पहिल्याच्या ४५. मुंबईच्या माणसाला हा फरक दिसणारही नाही. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, आणि बंद रॅकमध्ये खोलीपेक्षा आठ-दहा अंश जास्त असतात. मॅडमचा रॅक जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यात होता. तिथे मे महिन्यात दोन्ही स्विच मर्यादेबाहेर गेले असते, आणि ठरवून दिलेल्या परिस्थितीबाहेर वापरलं तर वॉरंटी लागू नाही असं दोन्ही कंपन्यांच्या अटींत लिहिलेलं आहे. म्हणून मी आधी रॅक हलवायला सांगितला. एक्स-रेच्या कन्सोलच्या खोलीत मशीनसाठी एसी चालूच असतो, तिथे भिंतीवर लावला की हा फरक मिटतो. रॅक हलवणं शक्य नसेल तर माझं पुढचं सगळं गणित बदलेल, हे लक्षात ठेवा.

एनबीडी म्हणजे दुसऱ्या दिवशी नवा स्विच हातात, बरोबर ना?

नाही. बहुतेक करारांत दुसऱ्या कामाच्या दिवशी स्विच त्यांच्या गोदामातून *निघतो*. हातात कधी पडेल ते कुरियरवर. काही करारांत "पोचेल" असं असतं, पण तेही ठरावीक शहरांपुरतं, आणि बाकी पिनकोडसाठी "बेस्ट एफर्ट" असे दोन शब्द असतात. बेस्ट एफर्टचा अर्थ प्रयत्न करू, बांधील नाही.

शिवाय "कामाचा दिवस" त्यांचा, आपला नाही. सोमवार ते शुक्रवार, आणि सुट्ट्या ज्या राज्यात त्यांचं सपोर्ट केंद्र किंवा गोदाम आहे तिथल्या. आपली ओपीडी शनिवारी सर्वांत भरलेली असते, तो दिवस त्यांच्या हिशेबात धरलेलाच नाही. त्यात दुपारची वेळमर्यादा असते. तीननंतर मंजूर झालेली तक्रार दुसऱ्या दिवशीची धरतात. "मंजूर झालेली" हा शब्द महत्त्वाचा. आपण फोन केला तेव्हापासून वेळ मोजत नाहीत. त्यांच्या इंजिनिअरने तपासणी करून "होय, हार्डवेअरच गेलंय" असं मान्य करून आरएमए नंबर, म्हणजे बिघडलेली वस्तू परत घ्यायच्या मंजुरीचा नंबर दिला, की तिथून मोजायला सुरुवात होते.

मग चोपड्यात प्रत्यक्षात किती दिवस लागतील?

दुसऱ्या कोटेशनच्या अटी समोर ठेवून मी मॅडमना एक शुक्रवार मांडून दाखवला. संध्याकाळी सहाला वळवाचा पाऊस आला, लाईट गेली-आली, आणि स्विचचा एकही दिवा लागेना. कंपाउंडरचा मला फोन, "भाऊ, बठ्ठं बंद पडी गयं." साडेसहाला तक्रार नोंदवली. सपोर्ट बंद झालेला, त्यामुळे उत्तर सोमवारी सकाळी. सोमवारी ते दुसरी पॉवर केबल लावून बघा, दुसऱ्या सॉकेटवर लावून बघा, मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा असं एकेक करायला सांगतात. यात काही चुकीचं नाही, तपासणी तशीच करायला हवी. दुपारी आरएमए मंजूर. मंगळवारी मुंबईच्या गोदामातून स्विच निघाला. बुधवार-गुरुवारी जळगावात, आणि चोपड्याला गुरुवारी किंवा शुक्रवारी. नवा स्विच कोरा येतो, त्यात सेटिंग भरायला मला जावं लागणार. म्हणजे शुक्रवार ते शुक्रवार एक आठवडा. करार मात्र कुठेही मोडलेला नाही.

तोच शुक्रवार पहिल्या कोटेशनवर मांडा. शनिवारी कोणीतरी स्विच घेऊन जळगावला जातो. विक्रेता सोमवारी मुंबईला पाठवतो. तिथे रांगेत लागून तपासणी, दुरुस्ती किंवा बदली, परत कुरियर. कोटेशनवर "१० ते १५ कामाचे दिवस" लिहिलंय, म्हणजे जाण्यायेण्यासकट तीन आठवडे धरा.

एक आठवडा आणि तीन आठवडे यांत फरक आहेच. पण रोज साठ-सत्तर पेशंट बघणाऱ्या दवाखान्याला आठवडाही परवडत नाही आणि तीन आठवडेही नाही. माझं सगळं म्हणणं याच मुद्द्यावर उभं आहे: महाग सपोर्ट घेऊनही जो आठवडा उरतो, त्याचं काय करायचं?

"चार तासांत प्रतिसाद" असं एका विक्रेत्याने लिहून दिलंय. ते चांगलं नाही का?

प्रतिसाद म्हणजे कोणीतरी आपल्याला परत फोन करणं. दुरुस्ती वेगळी आणि बदली वस्तू पोचणं आणखी वेगळं. या तीन गोष्टींना कोटेशनमध्ये तीन वेगळ्या वेळा लिहिल्या आहेत का ते बघा. एकच वेळ लिहिली असेल तर ती जवळजवळ नेहमी फोनची असते.

स्विच बंद पडला तर दवाखान्यात नेमकं काय थांबतं?

हे आधी कागदावर लिहा, कारण डॉक्टर "सगळं थांबतं" म्हणतात आणि ते तसं नसतं. केसपेपर हाताने लिहिता येतो, पावती पुस्तकावर फाडता येते. सोनोग्राफी मशीन स्वतःपुरतं चालतं, प्रिंट त्याच्याच प्रिंटरवर निघतो. कॅमेरे बंद राहिले तर जोखीम आहे, पण तपासणी अडत नाही.

अडतो तो एक्स-रे. डिजिटल एक्स-रेचा कन्सोल प्रतिमा घेतो, पण फिल्म प्रिंटर आणि स्टोरेज नेटवर्कवरून जोडलेले असतात. स्विच गेला की प्रतिमा कन्सोलवर दिसते, डॉक्टरांच्या टेबलावर येत नाही आणि फिल्मवर निघत नाही. या दवाखान्यात दिवसाला सरासरी दहा एक्स-रे होतात, ₹३५० प्रमाणे ₹३,५००. पेशंट शेजारच्या सेंटरला पाठवायचे झाले, तर पाच दिवसांत ₹१७,५०० गेले. पैशापेक्षा मॅडमना जास्त लागली ती ही गोष्ट, की हात मोडलेल्या लेकराला रिक्षात घालून दुसरीकडे पाठवावं लागतं.

म्हणजे चालूच राहायला हवेत असे पोर्ट किती? राउटर, स्टोरेज, रिसेप्शनचा एक कॉम्प्युटर, डॉक्टरांचे दोन, कन्सोल, फिल्म प्रिंटर. सात. एकवीसपैकी सातच, आणि या सातांपैकी एकालाही केबलमधून वीज लागत नाही. हा आकडा हाती आला की पुढचं सोपं जातं.

मग तुमचा सल्ला काय?

पहिलं कोटेशन घ्या, आणि त्याच कंपनीचा आठ पोर्टचा, पीओई नसलेला मॅनेज्ड स्विच जोडीला घेऊन कपाटात ठेवा. छोट्याचं कोटेशन ₹५,५०० अधिक जीएसटी आलं, म्हणजे ₹६,४९०. दोन्ही मिळून ₹५१,३३०. दुसऱ्या कोटेशनपेक्षा ₹१४,७५० कमी, आणि स्विच गेला तर एक्स-रे वीस मिनिटांत परत सुरू. कोणताही विक्रेता, कोणताही करार चोपड्यात वीस मिनिटांत काही देऊ शकत नाही. ते फक्त आपल्याच कपाटातून मिळू शकतं.

छोटा स्विच साधा, हजार-बाराशेचा घेतला तर चालणार नाही?

या दवाखान्यात नाही. इथे कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय एका भागात, दवाखान्याचे कॉम्प्युटर आणि मशीन दुसऱ्या भागात, अशी नेटवर्कची विभागणी केलेली आहे. राउटरकडून एकाच केबलवर दोन्ही भाग येतात आणि कोणता पोर्ट कोणत्या भागाचा हे स्विच ठरवतो. साध्या स्विचला ही विभागणी कळत नाही. कन्सोल आणि प्रिंटर एकमेकांशी बोलतील, कारण त्यांचे पत्ते पक्के बसवलेले असतात, पण रिसेप्शनचा कॉम्प्युटर भलत्याच भागात जाऊन पडू शकतो आणि "इंटरनेट चालू आहे पण सॉफ्टवेअर उघडत नाही" असा गोंधळ होतो. ज्या दवाखान्यात अशी विभागणीच नाही, तिथे साधा स्विच खुशाल ठेवा.

एक मात्र करू नका. घाईत कन्सोलचा किंवा प्रिंटरचा नेटवर्क पत्ता बदलू नका. तो मशीन कंपनीच्या इंजिनिअरने दोन्हीकडे जुळवून बसवलेला असतो. एकीकडे बदलला की प्रिंट बंद, आणि मग त्यांच्या इंजिनिअरच्या भेटीची वाट बघत बसायचं.

पण दुसऱ्यात वॉरंटी पाच वर्षं आहे. ती दोन वर्षं वाया नाही का जात?

हा प्रश्न मॅडमच्या यजमानांनी विचारला, आणि रास्त आहे. त्याचं उत्तर असं देतो. छोटा स्विच कपाटात आल्यावर बदली लवकर मिळण्याला फारशी किंमत उरत नाही. दोन-तीन आठवडे कॅमेरे आणि वायफाय बंद राहतील, पण एक्स-रे चालू राहील. उरतो तो चौथ्या-पाचव्या वर्षाचा विमा. त्याची किंमत म्हणजे दोन कोटेशनांतला फरक, ₹२१,२४०. स्विच त्या दोन वर्षांत गेला तर पहिल्याच्या जागी नवा घ्यावा लागेल, आजच्या भावाने ₹४४,८४०. म्हणजे विम्याची किंमत ही वस्तूच्या जवळजवळ निम्मी झाली. चौथ्या-पाचव्या वर्षी दर दोनांतला एक स्विच मरत असेल तरच हा सौदा बरोबरीला येतो. थंड जागेत, चांगल्या यूपीएसवर ठेवलेले स्विच माझ्या अनुभवात त्याच्या आसपासही मरत नाहीत. जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यातले मरतात, आणि तेव्हा वॉरंटीवरून वाद होतो.

वीज पडून किंवा व्होल्टेज वाढून जळला तर कोणती वॉरंटी चालेल?

दोन्हीपैकी एकही नाही. विजेचा लोंढा, पाणी, उंदराने कुरतडणं, पडणं, हे सगळं दोन्हीकडे वगळलेलं आहे. आणि आपल्याकडे स्विच मरतात ते बहुतेक याच कारणाने, मेअखेरीपासून मृगापर्यंतच्या वादळी संध्याकाळी.

कसं ओळखायचं? सगळा स्विच मेला असेल तर कदाचित आतला पॉवर सप्लाय गेलाय, ते वॉरंटीत बसू शकतं. स्विच चालू आहे पण गच्चीवरच्या किंवा फाटकाजवळच्या कॅमेऱ्याचा पोर्ट आणि त्याच्या शेजारचे दोन-चार पोर्ट एकदम मेले, तर लोंढा बाहेरच्या केबलमधून आला. कंपनीचा माणूस उघडून बघतो तेव्हा जळल्याची खूण दिसते आणि दावा नाकारला जातो. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही, अट तशीच लिहिलेली आहे.

म्हणून वाचलेल्या ₹१४,७५० मधले काही हजार इथे घाला. बाहेरच्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या केबलला सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि तो अर्थिंगला जोडा. अर्थिंग नसलेला प्रोटेक्टर म्हणजे नुसता डबा. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. मॅडमकडे ते अकरा निघालं. अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलेला होता, उन्हाळ्यात त्यात कोणी पाणीच घातलं नव्हतं.

स्विच इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर आहे का तेही बघा. साध्या मोडवर लाईट गेल्यावर मधला खंड मोठा पडतो, स्विच बंद होऊन परत चालू होतो आणि तीन-चार मिनिटं सगळं थांबतं. हा बिघाड नसतो, पण तक्रार म्हणून मला दर उन्हाळ्यात येतो.

विक्रेता म्हणतो, "काही झालं तर आमचा स्टँडबाय स्विच देऊ." मग वेगळा कशाला घ्यायचा?

हे तोंडी आश्वासन मी स्वतः एकदा खरं मानलं होतं, आणि त्याचा त्रास शहाद्याच्या एका दवाखान्याला झाला. जूनच्या एका रात्री वादळ झालं आणि त्यांचा स्विच गेला. सकाळी विक्रेत्याला फोन केला. तो खोटं बोलत नव्हता, त्याच्याकडे स्टँडबाय होता, पण त्याच वादळात त्याच भागातल्या आणखी तीन गिऱ्हाइकांचे स्विच गेले होते आणि तो पहाटेच एकाकडे गेला होता. वादळ एकट्याच्या घरावर येत नाही. सगळ्यांना एकाच दिवशी लागणारी वस्तू एकाकडेच असून भागत नाही. तो दवाखाना नऊ दिवस अडला. फोनवर विश्वास ठेवून मी त्यांना जादा स्विच घेऊ नका म्हणालो होतो, ती चूक माझी.

विक्रेता लेखी द्यायला तयार असेल तर जरूर घ्या: किती पोर्टचा, किती तासांत, चोपड्यात आणून देणार की जळगावहून न्यायचा. पण त्याच्या भरवशावर कपाट रिकामं ठेवू नका.

सही करण्याआधी विक्रेत्याकडून काय लेखी घ्यायचं?

मॅडमनी पहिल्या विक्रेत्याला जो ईमेल पाठवला त्यात मी चार गोष्टी घातल्या होत्या. वॉरंटी कोणत्या तारखेपासून, हे पहिलं. काही कंपन्या ती कारखान्यातून माल निघाल्यापासून मोजतात, आणि स्विच गोदामात आठ महिने पडून असेल तर तेवढी वॉरंटी हातात येण्याआधीच संपलेली असते. विक्रेत्याने "आमच्या बिलाच्या तारखेपासून" असं लिहून दिलं. दुसरं, मुंबईला जाण्यायेण्याचं कुरियर कोणाच्या खर्चाने. त्याने जाण्याचा आपला, येण्याचा त्यांचा असं सांगितलं. तिसरं, फर्मवेअरचे अपडेट तीन वर्षांनंतरही मोफत उतरवता येतील का. चौथं, हे मॉडेल विक्रीतून बंद झाल्याची घोषणा झालेली आहे का. बंद होत आलेला माल कधी कधी स्वस्तात काढतात, आणि मग दुरुस्तीला भागच मिळत नाहीत.

दुसरं कोटेशन घेणाऱ्याने आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. बदली मिळाल्यावर जुना स्विच किती दिवसांत परत पाठवायचा? मुदत चुकली तर पूर्ण छापील किमतीचं बिल येतं, आणि कपाटामागे ठेवून विसरलेल्या स्विचचं असं बिल मी पाहिलेलं आहे. आणि स्विच क्लाउडवरून चालणारा असेल तर परवाना संपल्यावर काय होतं? काही स्विच चालत राहतात, फक्त सेटिंग बदलता येत नाही. काही चक्क काम थांबवतात. हे उत्तर फोनवर घेऊ नका.

"लाइफटाइम वॉरंटी" लिहिलेलं तिसरं कोटेशन आलं तर?

आयुष्य कोणाचं, ते विचारा. साधारणपणे ते त्या मॉडेलचं असतं, म्हणजे विक्री बंद झाल्यानंतर काही ठरावीक वर्षांपर्यंत, आणि फक्त पहिल्या खरेदीदारासाठी. काही कंपन्या पंखा आणि पॉवर सप्लाय यांना वेगळी, कमी मुदत देतात, आणि मरतात ते नेमके तेच दोन भाग.

माल आल्या दिवशी काय करायचं?

रॅकमध्ये बसवण्याआधी स्विचच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरचा फोटो काढा, सीरियल नंबर स्पष्ट वाचता येईल असा. एकदा बसवला की तो नंबर भिंतीकडे जातो. तो नंबर त्याच दिवशी कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटीची शेवटची तारीख बघा. तारीख भलतीच निघाली किंवा नंबर सापडलाच नाही, तर माल अधिकृत मार्गाने आलेला नाही. तेव्हा बिल चुकतं करण्याआधी बोला.

कमांड लाइन असलेल्या बऱ्याच स्विचवर सपोर्टवाले सर्वांत आधी या दोन कमांडचं उत्तर मागतात. बसवल्या दिवशी एकदा घेऊन ठेवलं तर पुढे तुलना करता येते:

```
show version
show logging
```

आणि सेटिंगची फाइल. स्विचमधून तिचा बॅकअप काढून पेनड्राइव्हवर आणि डॉक्टरांच्या ईमेलवर ठेवा. माझ्या लॅपटॉपवर आहेच, पण मी गावाला असलो तर तुमचं काम अडायला नको.

दुसरं कोटेशन घेणं कुणासाठी बरोबर आहे?

जिथे रात्रंदिवस पेशंट दाखल असतात, मॉनिटर नेटवर्कवर आहेत, दोन-तीन मजल्यांवर पाच-सहा स्विच आहेत, तिथे प्रत्येकाचा जादा ठेवणं जमत नाही आणि ठरलेला करार उपयोगी पडतो. धुळे किंवा जळगाव शहरात, मुख्य रस्त्यालगत असाल तर कुरियरचा एक-दीड दिवसही वाचतो. रॅक गरम जागेतून हलवता येत नसेल तर ५० अंशांचा स्विच घ्यावाच लागेल. तरीही तिथे मी एक छोटा स्विच कपाटात ठेवायला सांगेन, कारण आठवडा तो आठवडाच.

आणि मी नसताना छोटा स्विच लावणार कोण?

कंपाउंडर. त्यासाठी बसवल्या दिवशी मी छोट्या स्विचमध्ये त्याच विभागणीची सेटिंग भरून ठेवली. चालू राहायला हव्या त्या सात केबलींच्या टोकांना लाल टेप गुंडाळला आणि १ ते ७ आकडे घातले, तेच आकडे छोट्या स्विचच्या पोर्टवर. आठवा पोर्ट मोकळा, मेडिकलला लागला तर. रॅकच्या दारावर आतून एक कागद चिकटवला: मोठ्याचे दिवे लागत नसतील तर आधी दुसऱ्या सॉकेटवर लावून बघ, पाच मिनिटं थांब, तरी नाही लागले तर लाल केबली काढून आकड्याप्रमाणे छोट्यात घाल.

मग त्याच्याकडून एकदा करून घेतलं, मोठा स्विच खरोखर बंद करून, दुपारी ओपीडी संपल्यावर. पहिल्या वेळी प्रिंटरची केबल अर्धवट बसली आणि फिल्म निघाली नाही. खटका वाजेपर्यंत दाबायची, हे त्याने कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं. दुसऱ्या वेळी चौदा मिनिटांत फिल्म बाहेर आली. ही तालीम वर्षातून दोनदा करायची ठरली आहे, दिवाळीच्या साफसफाईत आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत.